फोटोवरून सिकाडा, रातकिडा की बुश क्रिकेट: कोणत्या कोनातून फोटो घ्यायचा, आधी काय बघायचं

पावसाळा लागला की ओळखीपाळखीचे लोक मला किड्यांचे फोटो पाठवायला लागतात. बडोद्यात दांडियाबाजारातल्या जुन्या वाड्यांतून, कमाटीबागेतून, विश्वामित्रीच्या काठच्या सोसायट्यांमधून फोटो येतात आणि प्रश्न एकच असतो: "रात्रभर ओरडतोय तो हाच ना?" फोटो बहुतेक वेळा एकच असतो, वरून काढलेला, फ्लॅश मारलेला. त्यावरून "मिशा लांब आहेत, म्हणजे नाकतोडा नाही" एवढंच सांगता येतं. आपल्याकडे आवाज करणाऱ्या सगळ्याच किड्यांना सरसकट रातकिडे म्हणतात, शेजारचे गुजराती लोक तमरां म्हणतात, आणि त्या एका नावाखाली तीन अगदी वेगळे प्राणी येतात: सिकाडा, खरा रातकिडा आणि बुश क्रिकेट. ते वेगळे कसे काढायचे, त्यासाठी कुठले फोटो लागतात आणि लोक कुठे फसतात, ते इथे क्रमाने लिहिलं आहे.

## आधीची तयारी

तीन गोष्टी जवळ ठेवा: फोन, एक छोटी टॉर्च, आणि झाकणाची पारदर्शक बरणी किंवा प्लास्टिकचा डबा. टॉर्चच्या तोंडावर टिश्यू पेपरचा एक पदर रबरबँडने बांधा. उघडा उजेड किंवा फोनचा फ्लॅश काळ्या रातकिड्याच्या पाठीवर पांढरा डाग पाडतो आणि हिरव्या किड्याच्या पंखांवरच्या शिरा पुसून टाकतो. टिश्यूमधून गाळलेला उजेड बाजूने दिला की त्याच शिरा उठून दिसतात.

फोन किड्याला चिकटवू नका. एक-दीड वीत अंतरावर थांबा, झूम दुप्पट करा, स्क्रीनवर किड्याच्या डोक्यावर बोट दाबून फोकस पक्का करा आणि लागोपाठ आठ-दहा फोटो काढा. क्लिपवाली मॅक्रो लेन्स फार जवळ न्यावी लागते, आणि तेवढ्यात तो उडी मारतो. ती लेन्स बरणीतल्या किड्यासाठी ठेवा.

इशारा: पुढच्या कॅमेऱ्याने फोटो काढू नका. बऱ्याच फोनमध्ये सेटिंगप्रमाणे तो फोटो आरशासारखा उलटा साठवला जातो. डावा पंख उजवा होतो, आणि पुढे पाहाल की याच एका खुणेवर बरंच काही ठरतं.

## टप्पा १: फोटो कोणत्या क्रमाने काढायचे

किडा किती वेळ थांबेल याचा भरवसा नसतो. म्हणून क्रम असा ठेवा की दुसऱ्या फोटोनंतर तो उडाला तरी काहीतरी हाती राहील.

पहिला फोटो लांबून, जागेसकट. पान, भिंत, खोड, जे असेल ते दिसू द्या. दुसरा फोटो बाजूने, आणि हा सगळ्यांत महत्त्वाचा. फोन किड्याच्या उंचीला आणा, म्हणजे गुडघ्यावर बसा किंवा कुंडी वर उचला. मिशा, मागच्या पायाची मांडी, पंखांची ठेवण आणि शेपटीकडची नळी या चारही गोष्टी या एका फोटोत येतात. लोक नेमका हाच फोटो काढत नाहीत.

तिसरा फोटो बरोब्बर वरून, डोक्यापासून शेपटीपर्यंत. चौथा पुढच्या किंवा मधल्या पायाच्या पावलाचा. पाचवा शेपटीचा. सिकाडा असेल तर सहावा पोटाकडून.

पाऊल आणि पोट यांचे फोटो मोकळ्या जागी मिळत नाहीत, त्यासाठी बरणी. किड्यावर बरणी पालथी घाला, खालून जाड कागद सरकवा आणि थोडा वेळ शांत राहा. तो काचेवर चढला की पावलं आणि पोट बाहेरून स्वच्छ दिसतात. पाच मिनिटांत काम संपवा आणि जिथून उचलला तिथेच सोडा. दोन किडे एका बरणीत घालू नका. बुश क्रिकेट दुसऱ्याचा पाय सहज तोडतात.

तपासणी: फोटो मोठा करून बघा. मिशीचं टोक दिसतंय का? पावलाची पेरं मोजता येतात का? नसतील, तर किडा समोर आहे तोवरच पुन्हा काढा.

## टप्पा २: सिकाडा बाजूला काढा

तिघांत सिकाडा सगळ्यांत परका आहे. रातकिडा आणि बुश क्रिकेट एकमेकांचे नातलग, नाकतोडाही त्यांच्यातलाच. सिकाडा मात्र ढेकूण आणि माव्याच्या गोतावळ्यातला. त्यामुळे त्याला ओळखायला एक नजर पुरते, फक्त ती योग्य जागी पडली पाहिजे.

बाजूच्या फोटोत मागचा पाय बघा. सिकाडाची मागची मांडी फुगलेली नसते, तो उडी मारणारा प्राणीच नाही. मिशा इतक्या आखूड की बारीक केसासारख्या वाटतात आणि बऱ्याच फोटोंत दिसतही नाहीत. डोकं रुंद, मोठे डोळे दोन टोकांना, आणि त्यांच्या मध्ये कपाळावर त्रिकोणात तीन बारीक चमकते ठिपके. तेही साधे डोळेच. तोंडाजागी चावणारे जबडे नसतात, तर एक सोंड छातीखाली मागे वळलेली असते. झाडाचा रस शोषायला ती लागते. पंख पाठीवर छपरासारखे उतरते.

नर की मादी, हे पोटाकडच्या फोटोवरून कळतं. नराच्या मागच्या पायांच्या मुळाशी पोटावर दोन चपट्या झाकण्या असतात. मादीच्या शेपटीचं टोक निमुळतं आणि खालून चिरलेलं दिसतं, त्यात अंडी घालायची नळी असते. ओरडतो तो नर. सिकाडा पंख घासून आवाज काढत नाही. पोटाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना ताठ पडदे असतात, ते स्नायूंनी आत-बाहेर लचकवून तो आवाज काढतो. म्हणून गाणाऱ्या सिकाडाच्या फोटोत पंख स्थिर दिसले तर गोंधळू नका.

पावागड-जांबुघोड्याच्या रानात फिरायला गेलात की खोडांवर तपकिरी पोकळ कातीही सापडतील: पाठीवर चीर, अंगावर सुकलेली माती, पुढचे पाय खोदायला योग्य असे जाड आणि दातेरी. लोक "मेलेला किडा" म्हणून हे फोटो पाठवतात. ती सिकाडाच्या पिल्लाने जमिनीतून वर येऊन टाकलेली कात असते आणि सिकाडाची पक्की खूण मानायला ती पुरेशी आहे. जाती मात्र तिच्यावरून सांगायला जाऊ नका.

नेहमीची चूक: रातकिड्यांच्या नात्यातला एक माती खोदणारा किडा आहे, मोल क्रिकेट. पुढचे पाय फावड्यासारखे, अंग मखमली तपकिरी. खोदणारे पाय बघून त्याला सिकाडाचं पिल्लू म्हणतात. शेपटी बघा. दोन लांब मिशांसारखे काटे असतील तर तो मोल क्रिकेट.

## टप्पा ३: नाकतोडा बाजूला काढा

मागची मांडी फुगलेली आहे, म्हणजे उडी मारणारा आहे. आता मिशा. नाकतोड्याच्या मिशा जाडसर आणि आखूड, साधारण डोकं आणि मान मिळून होईल एवढ्या. रातकिडा आणि बुश क्रिकेटच्या मिशा केसासारख्या बारीक आणि बहुधा अंगापेक्षा लांब.

इथे दोन फसवे फोटो येतात. पहिल्यात मिशी तुटलेली असते. तुटलेली मिशी टोकाकडे निमुळती होत जात नाही, मध्येच थांबते. दुसऱ्यात मिशी असतेच, पण पांढऱ्या भिंतीवर फ्लॅशच्या उजेडात विरून जाते. म्हणून लांबीपेक्षा जाडी बघा. मुळाशीच केसाएवढी बारीक असेल तर तुटकी असली तरी नाकतोड्याची नव्हे.

## टप्पा ४: रातकिडा की बुश क्रिकेट

खरी मारामारी इथे आहे. "काळा तो रातकिडा, हिरवा तो बुश क्रिकेट" हा नियम कुणी सुरू केला माहीत नाही, पण तो मनातून काढून टाका. तपकिरी बुश क्रिकेट भरपूर आहेत आणि फिकट हिरवे रातकिडेही आहेत. रंग शेवटी बघायचा. आधी या चार जागा बघा.

पाऊल. रातकिड्याच्या पावलात तीन पेरं, बुश क्रिकेटच्या पावलात चार. बुश क्रिकेटचं तिसरं पेर रुंद आणि बदामासारखं दुभंगलेलं असतं, आणि त्याच्या खाचेतून चौथं बारीक पेर नख्या घेऊन वर येतं. वरून फोटो काढला तर ते तिसरं-चौथं एकच वाटतं आणि लोक तीन मोजतात. म्हणून बाजूने किंवा काचेतून खालून बघा. मोजणी पुढच्या किंवा मधल्या पायावर करा. मागच्या पायावर काटे आणि टोकं इतकी असतात की पेर कुठलं आणि काटा कुठला हे कळत नाही. नख्या पेर म्हणून मोजू नका.

पंखांची ठेवण. रातकिड्याचे पुढचे पंख पाठीवर सपाट पसरतात आणि कडेला एकदम काटकोनात खाली वळतात, डब्याच्या झाकणासारखे. बुश क्रिकेटचे पंख दोन्ही अंगांनी उभे उतरतात, कौलारू छपरासारखे, आणि बऱ्याच जातींत पानासारखे दिसतात.

कोणता पंख वर. रातकिड्यात उजवा पंख डाव्यावर असतो, बुश क्रिकेटमध्ये डावा उजव्यावर. दोघंही पंखावर पंख घासूनच गातात, फक्त वरखाली उलट. वरून काढलेला फोटो असा फिरवा की डोकं वर येईल. मग किड्याचा उजवा तो तुमचाही उजवा. किडा खाली तोंड करून बसलेला असताना लोक फोटो न फिरवताच डावं-उजवं ठरवतात, ही चूक मी सगळ्यांत जास्त वेळा पाहिली आहे. खिडकीच्या काचेवर बाहेरून बसलेला किडा आतून टिपलात तर पोट दिसतं आणि बाजू उलटतात. तिथे ही खूण वापरू नका. ही खूण जोडीला घ्यायची, एकटीवर निकाल द्यायचा नाही.

शेपटी. रातकिड्याच्या शेपटीला दोन लांब, केसाळ, मिशीसारखे काटे असतात. बुश क्रिकेटचे तेच काटे आखूड आणि कडक. मादी असेल तर त्या दोन काट्यांच्या मधून अंडी घालायची नळी निघते. रातकिड्याच्या मादीची नळी सुईसारखी गोल आणि बहुधा सरळ, टोकाला जरा जाडसर. बुश क्रिकेटच्या मादीची दोन्ही अंगांनी चपटी, तलवारीसारखी किंवा कोयत्यासारखी वर वळलेली. ही नळी म्हणजे "नांगी" नव्हे, ती डंख मारत नाही.

शेपटीला सुई दिसली की आणखी एक प्रश्न सुटतो. रातकिड्यांमध्ये गातो तो नर. न्हाणीघरात पकडलेल्या किड्याला सुई असेल, तर रात्रभर ओरडणारा तो नव्हे. तो अजून फटीतच आहे.

तपासणी: चारपैकी किमान दोन खुणा एकाच बाजूला जायला हव्यात. पावलात चार पेरं आहेत, पण पुढच्या पायाच्या नडगीवर गुडघ्याखाली कानाची लांबट खाच किंवा पडदा कुठेच नाही आणि अंग तपकिरी, मऊसर आहे, असं दिसलं तर थांबा. या दोघांखेरीज याच नात्यात पानं गुंडाळून राहणारा एक गट आहे, आणि त्याला पायावर कान नसतात.

## टप्पा ५: पिल्लू की मोठा

हा टप्पा गाळल्यामुळे निम्मी नावं चुकतात. पिल्लं मोठ्यांसारखीच दिसतात, फक्त पंख नसतात किंवा अर्धवट असतात. आणि काही मोठ्या किड्यांचे पंखही आखूडच असतात. मग ओळखायचं कसं?

अर्धवट पंख मोठे करून बघा. पिल्लाचे पंख म्हणजे पाठीवर चिकटलेल्या जाडसर त्रिकोणी पाकळ्या. वाढत्या वयाच्या पिल्लात मागच्या पंखाची पाकळी वर असते आणि पुढच्या पंखाची खाली. मोठ्या किड्यात उलट: पुढचा पंख वर, मागचा त्याखाली झाकलेला. शिवाय मोठ्याच्या आखूड पंखावरही शिरांची जाळी स्पष्ट असते.

घरात हे नेहमी भेटतं. बडोद्याच्या जुन्या घरांत मोरीजवळ, सिलिंडरमागे एक फिकट पिवळसर तपकिरी रातकिडा असतो, अंगावर आडवे गडद पट्टे, चपटा. शास्त्रीय नाव ग्रायलोडिस सिजिलॅटस. याच्या नराचे पंख पोट अर्धंच झाकतात आणि मादीला जवळजवळ पंख नसतातच. लोक मादीला पिल्लू समजतात. शेपटीला पूर्ण वाढलेली लांब सुई असेल तर ती मोठी मादी.

पिल्लू आहे असं ठरलं तर पुढे जाऊ नका. "बुश क्रिकेट, पिल्लू" एवढंच लिहा. त्यांचे रंग कात टाकताना इतके बदलतात की जातीचं नाव लावणं म्हणजे अंदाज.

## एक उदाहरण, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

मागच्या ऑगस्टमध्ये मामींनी गच्चीवरच्या मोगऱ्याच्या कुंडीतला किडा पाठवला. बोटाच्या पेरापेक्षा थोडा लहान, फिकट पोपटी, अंगाच्या दीडपट मिशा. फोटो बाजूने होता, पण थोडा धूसर. मी लगेच लिहिलं, "लहान बुश क्रिकेट." हिरवा रंग, लांब मिशा आणि झुडपावरची जागा, या तिन्हींनी मला त्या दिशेला नेलं.

मामींना पटलं नाही. "अहो, याचे पंख तर चपटे आहेत, पळीसारखे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी बरणी घातली आणि सांगितलेले फोटो काढले.

वरच्या फोटोत पंख पारदर्शक आणि शेपटीकडे रुंद होत गेलेले, पाठीवर सपाट, कडा खाली वळलेल्या. छपराचा आकार नाही. फोटो फिरवून डोकं वर घेतलं, तर उजवा पंख वर. मधल्या पायाचं पाऊल काचेतून: तीन पेरं, बदामासारखं रुंद पेर कुठेच नाही. शेपटीला दोन लांब बारीक काटे, सुई नाही. म्हणजे रातकिडा, नर, आणि पंख पूर्ण असल्यामुळे मोठा. डोकं पुढे झुकवून तोंड समोर रोखलेलं होतं, काळ्या रातकिड्यासारखं खाली वळलेलं नव्हतं. सगळं जुळवल्यावर हा झाडावरचा रातकिडा ठरला, ओईकँथस वंशाचा.

त्या रात्री मामी दिवा न लावता कुंडीजवळ बसल्या आणि टॉर्च लांबून, बाजूने टाकली. तो गाताना दिसला: दोन्ही पंख पाठीवर काटकोनात उभे, आणि कडा इतक्या थरथरणाऱ्या की फोटोत नुसता धुरकट पडदा आला. तो धुरकट फोटो मी जपून ठेवला आहे, कारण आवाज आणि किडा एकच असल्याचा तोच पुरावा. बाकी कितीही स्वच्छ फोटो असला तरी "आवाजाच्या दिशेला हा सापडला" एवढंच सिद्ध होतं.

## टप्पा ६: नाव कुठपर्यंत लावायचं

काही किडे फोटोवरून जातीपर्यंत पोचवता येतात. काळा कुळकुळीत, दणकट रातकिडा, पुढच्या पंखांच्या मुळाशी दोन पिवळसर डाग, तो ग्रायलस बायमॅक्युलेटस. नावाचा अर्थही "दोन डागांचा". वरून काढलेला एक स्वच्छ फोटो पुरतो.

पण असे थोडेच. मेकोपोडा नावाचे मोठे, वाळक्या पानासारखे बुश क्रिकेट घ्या. दक्षिण भारतात त्यांची अशी गाणी नोंदली गेली आहेत की ऐकताना वेगवेगळे प्राणी वाटावेत, आणि गाणारे किडे मात्र दिसायला वेगळे काढता येत नाहीत. अशा ठिकाणी कितीही चांगला कॅमेरा असला तरी फोटो वंशापर्यंतच नेतो, पुढे आवाज लागतो. म्हणून फोटोबरोबर अर्धा-एक मिनिटाचं ध्वनिमुद्रण करा, आणि ते फोनच्या रेकॉर्डरवर करा. व्हॉइस नोट माणसाच्या बोलण्यासाठी दाबलेली असते आणि वरच्या पट्टीतले आवाज गाळते. बऱ्याच बुश क्रिकेटचा आवाज माणसाच्या कानापलीकडे जातो, तो साध्या फोनवर येणारच नाही. रेकॉर्डिंग रिकामं आलं म्हणून किडा गात नव्हता, असं समजू नका.

इशारा: व्हॉट्सॅपवर फोटो साधा पाठवला की दाबला जातो, पावलाची पेरं पुसली जातात आणि फोटोतली तारीख-वेळही निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. वेळ, जागा आणि झाड वेगळं लिहून द्या.

मामींच्या किड्याची नोंद शेवटी अशी झाली:

झाडावरचा रातकिडा, ओईकँथस वंश, नर, मोठा. जाती ठरवली नाही. मोगऱ्याची कुंडी, गच्ची, रात्री साडेनऊ, गाताना पाहिला. आधार: वरून, पाऊल, शेपटी आणि गातानाचा फोटो, सोबत चाळीस सेकंदांचा आवाज.